मागावरचा अपघात: ईएसआयकडे अहवाल पाठवण्याआधी सुपरवायझरने काय तपासावे

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात कामगाराला इजा झाली की जॉबर चार ओळी लिहून देतो आणि त्यावरून ईएसआयचा अपघात अहवाल भरला जातो. दुखापत कळल्यापासून २४ तासांत तो जायला हवा, गंभीर असेल तर ताबडतोब. त्यामुळे जॉबरचा कागद त्याच पाळीत वाचा.

पात्रता सोपी आहे. कामगार विमाधारक हवा (पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये). कामावरच्या इजेसाठी किती महिने वर्गणी भरली हे पाहत नाहीत, नवा माणूसही पात्र असतो. अपघाताचा दिवस सोडून किमान ३ दिवस काम करता आले नाही, तर सरासरी रोजच्या पगाराच्या ९० टक्के भत्ता मिळतो.

समजा, अहवाल असा आला: ‘रात्रपाळीत सकाळी ८.२० वाजता माग बंद करून दोरा ओवताना धोटा लागून हाताला मार बसला. कामगाराचा निष्काळजीपणा.’

आधी मस्टर उघडा. पाळी ८ वाजता सुटते आणि सहीही ८ची आहे, मग हा माणूस २० मिनिटांनी मागावर काय करत होता? विचारल्यावर कळते की बदली कामगार उशिरा आला म्हणून याला थांबवले होते. कोणी थांबवले, हे अहवालात आलेच पाहिजे, नाहीतर तो कामावर नव्हताच असा अर्थ निघेल.

दुसरी विसंगती मागातच आहे. बंद मागाचा धोटा लागेल कसा? दोरा ओवून झाल्यावर माग सुरू केला आणि तेव्हा धोटा उडाला, असे असेल तर तसे लिहायचे. माग बंद होता की चालू, हे शेजारच्या मागावरचा माणूस सांगेल. त्याचे नाव साक्षीदार म्हणून घ्या.

‘हाताला मार’ म्हणजे काहीच नाही. डावा की उजवा, कोणते बोट, जखम की मुका मार, हे डॉक्टरांच्या चिठ्ठीशी जुळवा. चिठ्ठीत उजवा आणि अहवालात डावा असेल, तर दावा तिथेच अडतो.

‘निष्काळजीपणा’ हा शब्द मला सर्वांत खटकतो. तो जॉबरचा निवाडा झाला, घटना नव्हे. त्याऐवजी काय पाहिले ते लिहायला सांगा. मालकाच्या कामासाठी नियम मोडून केलेल्या कृतीतली इजाही कायद्यात बसते, त्यामुळे या शब्दाने फक्त गोंधळ वाढतो.

दुरुस्ती तुम्ही स्वतः करू नका. प्रश्न लिहून कागद जॉबरला परत द्या. चुकीवर एकच रेघ, बाजूला सही आणि वेळ. नक्की वेळ माहीत नसेल तर ‘अंदाजे’ लिहून आधार द्यावा. उत्तरांसाठी २४ तास मात्र ओलांडू नयेत.

सोबत ठेवायचे कागद: विमा क्रमांक (नावाचे स्पेलिंग कार्डाप्रमाणे), अपघात नोंदवहीतली नोंद, त्या दिवसाचे मस्टर, साक्षीदाराचा जबाब आणि ईएसआय डॉक्टरांचे प्रमाणपत्र.