दुकानाचा हिशेब लिहिण्याचं काम: नोंदणी, कागद आणि कृषी केंद्राचा एक जून महिना

तालुक्याच्या गावात राहून चार-पाच दुकानांची खाती लिहायची असतील, तर पहिला प्रश्न येतो: यासाठी परवाना लागतो का? नुसती खरेदी, विक्री, उधारी आणि बँकेची नोंद ठेवण्यासाठी कोणताही परवाना किंवा परीक्षा लागत नाही. दुकानाच्या वतीने जीएसटी पोर्टलवर काम करायचं ठरलं की मात्र नियम बदलतात. म्हणून उद्यम आणि जीएसटी प्रॅक्टिशनर या दोन्ही नोंदण्या वेगवेगळ्या सांगते.

उद्यम नोंदणी

लहान व्यवसायांची ही सरकारी नोंदणी सक्तीची नाही, पण व्यवसायाच्या नावाने चालू खातं उघडताना किंवा लॅपटॉपसाठी कर्ज मागताना प्रमाणपत्र कामी येतं. udyamregistration.gov.in या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी होते आणि तिला एक रुपयाही लागत नाही. तिच्यासारखीच दिसणारी, पैसे मागणारी खासगी संकेतस्थळं बरीच आहेत, म्हणून पत्ता स्वतः टाइप करा.

आधार क्रमांक, आधारला जोडलेला मोबाइल, पॅन आणि बँक खात्याचा तपशील जवळ ठेवा. कागद अपलोड करावे लागत नाहीत, सगळं स्वयंघोषणेवर चालतं. आधारवरचं आणि पॅनवरचं नाव जुळत नसेल तर अर्ज तिथेच अडतो. लग्नानंतर एका कागदावर आडनाव बदललेल्या बायकांना हे हमखास भोवतं, तेव्हा आधी ते दुरुस्त करून घ्या. व्यवसायाचा प्रकार सेवा निवडा आणि एनआयसी कोड 69201 घ्या, तो हिशेबलेखनाचा आहे. शेजारचा 69202 कर सल्ल्याचा आहे, तो तुमचा नाही.

स्वतःची जीएसटी नोंदणी सुरुवातीला लागत नाही. सेवा देणाऱ्यासाठी महाराष्ट्रात वर्षाला 20 लाखांच्या उलाढालीची मर्यादा आहे.

जीएसटी प्रॅक्टिशनर

दुकानदाराचा पासवर्ड घेऊन त्याच्या नावाने विवरणपत्र भरून देणारे गावोगाव आहेत. मी ते करत नाही. ओटीपी दुकानदाराच्या फोनवर येतो, तो न वाचता सांगतो, आणि चूक निघाली की भरलं कोणी हे ठरवताच येत नाही. हे काम करायचंच असेल तर त्याची रीतसर वाट आहे, जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी करण्याची.

वाणिज्य, कायदा, बँकिंग किंवा व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी असलेल्या भारतीय नागरिकाला gst.gov.in वर PCT-01 हा अर्ज करता येतो. पॅन, फोटो, पदवीचा पुरावा आणि कामाच्या पत्त्याचा पुरावा लागतो. मंजुरीनंतर PCT-02 प्रमाणपत्र मिळतं. त्यानंतर दुकानदार स्वतःच्या लॉगिनमधून Engage / Disengage GST Practitioner या ठिकाणी तुमची नेमणूक करतो, आणि तुम्ही ती स्वीकारली की स्वतःच्या लॉगिनमधून काम करता. दुकानदाराला ही नेमणूक केव्हाही काढता येते. पदवी दुसऱ्या शाखेची असेल, तर विवरणपत्र करसल्लागारावर सोडा आणि खाती नीट लिहा. काम त्यातही पुष्कळ आहे.

महिन्याचं काम, एका दुकानावरून

आपल्याकडे जून महिना कृषी केंद्राचा. कास्तकार बियाणं, खत उधारीवर नेतो आणि कापसाचा चुकारा हाती आला की फेडतो. म्हणजे माल जूनमध्ये जातो, पैसा डिसेंबर-जानेवारीत येतो. जीएसटी मात्र बिलाच्या तारखेला लागतो, पैशाची वाट पाहत नाही. आमच्या भागातल्या दुकानांच्या हिशेबात सर्वांत मोठी चूक इथेच होते.

समजा, दुकानदार सांगतो, ‘जूनमध्ये दोन लाखांचा धंदा झाला.’ त्याने गल्ल्यातली 1,40,000 रोकड आणि यूपीआयचे 60,000 मिळवलेले असतात. उधारीची वही उघडली की दिसतं, रोकडीतले 50,000 मागच्या वर्षीच्या उधारीची वसुली आहे. ती या महिन्याची विक्री नाही. उलट नवी उधारी 3,00,000 गेली, ती मोजलीच नाही. दोन लाखांतून पन्नास हजार वजा, तीन लाख अधिक: खरी विक्री 4,50,000.

आता मालाप्रमाणे फोड करा, आकडे करासह धरलेले आहेत. बियाणं 1,64,000, त्यावर कर नाही. खत 1,68,000, त्यात 5 टक्क्यांप्रमाणे 8,000 कर. रासायनिक कीटकनाशक 1,18,000, त्यात 18 टक्क्यांप्रमाणे 18,000 कर. विक्रीवरचा कर झाला 26,000. दोन लाखांवर विवरणपत्र गेलं असतं तर त्यातला मोठा भाग राहून गेला असता, आणि राहिलेल्या करावर वर्षाला 18 टक्के दराने व्याज लागतं.

विक्री पडताळायला माझी एक सोपी रीत आहे. महिन्याच्या सुरुवातीची शिल्लक उधारी, अधिक नवी उधारी, वजा वसुली, एवढं करून येणारा आकडा वहीतल्या एकेका नावापुढच्या बाकीच्या बेरजेशी जुळला पाहिजे. जुळला नाही तर बहुतेक वेळा वसुली विक्रीत घुसलेली असते, किंवा घरखर्चाला काढलेले पैसे कुठेच लिहिलेले नसतात.

मासिक विवरणपत्र असलेल्या दुकानाचं वेळापत्रक असं धरते: 5 तारखेपर्यंत बिलं आणि वही माझ्याकडे, 8 पर्यंत विक्रीचा तक्ता सल्लागाराकडे, कारण GSTR-1 या विक्रीच्या विवरणपत्राची मुदत 11 तारीख आहे. 14 तारखेला पोर्टलवर GSTR-2B तयार होतं, म्हणजे विक्रेत्यांनी चढवलेल्या बिलांचा तक्ता. ते दुकानदाराकडून मागवून खरेदीच्या बिलांशी एकेक करून ताडायचं. समजा, अकोल्याच्या ठोक विक्रेत्याचं 59,000 चं कीटकनाशकाचं बिल त्यात दिसत नाही. त्यातला 9,000 कर या महिन्यात विक्रीवरच्या करातून वजा मिळणार नाही. विक्रेत्याला फोन करून बिल चढवायला सांगायचं आणि ते ‘2B मध्ये नाही’ अशा शेऱ्यासह वेगळ्या यादीत ठेवायचं. पुढच्या महिन्यात दिसलं की ते घेता येतं. 20 तारीख GSTR-3B ची, म्हणजे कर भरायच्या विवरणपत्राची. कंपोझिशन योजनेतल्या दुकानाला या मासिक तारखा नाहीत, पण उधारी जुळवणं तिथेही तसंच, कारण कर उलाढालीवर लागतो.

साधनं फार लागत नाहीत. बिलं कमी असतील तर स्प्रेडशीटमध्ये विक्री, खरेदी, उधारी आणि बँक अशी चार पानं पुरतात. साठा आणि वेगवेगळे दर आले की टॅली घ्या. खताची विक्री ई-पॉस यंत्रावर होते, त्यातला साठा खात्यातल्या साठ्याशी महिन्याला एकदा ताडा. दर शनिवारी एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवा.

सल्लागाराच्या हद्दीत जाऊ नका

वरच्याच उदाहरणात एक पेच आहे. बियाणं करमुक्त, कीटकनाशक करपात्र, आणि दुकानाच्या भाड्यावर किंवा संगणकावर भरलेला कर दोन्हींसाठी वापरला गेलेला. त्यातला किती वजा मिळतो, हे मी ठरवत नाही. मी ती बिलं वेगळी काढून देते, निर्णय सल्लागाराचा. एखाद्या मालाचा दर कोणता, प्राप्तिकर अंदाजित नफ्यावर भरायचा की खात्यांवरून, नोटिशीला उत्तर काय, हेही त्याचेच विषय. प्राप्तिकरासाठीचं लेखापरीक्षण तर फक्त सनदी लेखापालच करू शकतो. दुकानदार विचारतोच, ‘ताई, विक्री थोडी कमी दाखवता येईल का?’ तेव्हा बिल आणि वही त्याच्यासमोर ठेवायची. आकडा मी बदलत नाही, आणि ही अट काम घेतानाच कागदावर लिहून सही घेते.

त्याच कागदावर आणखी तीन गोष्टी असतात: बिलं कोणत्या तारखेला मिळणार, पासवर्ड आणि ओटीपी माझ्याकडे राहणार नाहीत, आणि काम थांबलं तर मूळ बिलं यादीसह परत जाणार. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने दुकानदाराने जपायच्या असतात, म्हणून परत केलेल्या प्रत्येक गठ्ठ्याची पोच घ्या. सल्लागाराला महिन्याला एकच पान पाठवा. त्यात विक्रीची फोड, 2B शी न जुळलेली बिलं आणि तुम्हाला कळलेले नाहीत असे प्रश्न. जूनच्या त्या पानावर प्रश्न एकच होता: दुकानाच्या भाड्याचं बिल.