कॅलिब्रेशन कर्व्ह: लिनिअर फिट आणि आर स्क्वेअरचं वर्णन

कॅलिब्रेशन कर्व्ह म्हणजे माहीत असलेल्या काँसन्ट्रेशनचे काही स्टँडर्ड सोल्युशन्स घेऊन प्रत्येकाचं रीडिंग घ्यायचं, ग्राफवर मांडायचं, त्या पॉइंट्समधून सरळ रेष बसवायची आणि मग त्या रेषेवरून अनोळखी सँपलचं काँसन्ट्रेशन काढायचं. रेष बसवणं म्हणजे लिनिअर फिट, आणि ती पॉइंट्सना किती जवळून जाते याचा आकडा म्हणजे आर स्क्वेअर. रिपोर्टमध्ये बहुतेक जण "आर स्क्वेअर ०.९९ च्या वर आला म्हणून ग्राफ लिनिअर आहे" एवढंच लिहून मोकळे होतात, पण हे वाक्य बरोबर नाही, का ते एका नेहमीच्या प्रयोगावरून बघू: पाण्यातलं लोह फिनॅन्थ्रोलिन वापरून मोजणं.

या प्रयोगात फेरस लोहाचा एक आयन फिनॅन्थ्रोलिनच्या तीन रेणूंशी जोडला जातो आणि नारिंगी-लाल रंग येतो, जो ५१० नॅनोमीटरला स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजतात. स्टॉक सोल्युशन मोहर सॉल्टचं, म्हणजे फेरस अमोनियम सल्फेटचं करतात: ०.७०२२ ग्रॅम मोहर सॉल्ट थोडं सल्फ्युरिक अॅसिड घातलेल्या पाण्यात विरघळवून १ लिटर केलं की १०० मिग्रॅ/लि. लोहाचं सोल्युशन तयार होतं. ते दहापट पातळ करायचं आणि त्यातलं ५, १०, १५, २०, २५ मिली ५० मिलीच्या वेगवेगळ्या व्हॉल्यूमेट्रिक फ्लास्कमध्ये घ्यायचं, म्हणजे १ ते ५ मिग्रॅ/लि. चे पाच स्टँडर्ड मिळतात. प्रत्येकात हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइड घालायचं म्हणजे फेरिक असेल तेवढं लोह फेरस होतं, मग अॅसिटेट बफर, मग फिनॅन्थ्रोलिन, मार्कपर्यंत पाणी, आणि रंग पूर्ण यायला दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. सहाव्या फ्लास्कमध्ये लोह सोडून बाकी सगळं, तो ब्लँक. सँपलही याच सगळ्या पायऱ्यांतून न्यायचं, नुसतं पाणी क्युव्हेटमध्ये ओतून चालत नाही.

आता वर्णनाकडे येऊ. समजा मशीन डिस्टिल्ड वॉटरवर झीरो केलं आणि ब्लँकपासून क्रमाने अॅब्सॉर्बन्स आले ०.००४, ०.२०१, ०.४०२, ०.५९६, ०.७९९, ०.९९०. काँसन्ट्रेशन आडव्या अक्षावर, अॅब्सॉर्बन्स उभ्या अक्षावर. हा क्रम उलटा करू नये, कारण रेष बसवायची नेहमीची लीस्ट स्क्वेअर्सची पद्धत सगळी चूक उभ्या अक्षावर आहे असं धरून चालते, आणि इथे स्टँडर्ड नीट पिपेट केलेले असतील तर जास्त हलतं ते रीडिंगच. गंमत म्हणजे अक्ष उलटे केले तरी आर स्क्वेअर तोच येतो, म्हणून ही चूक त्या आकड्यावरून कधीच पकडता येत नाही. एक्सेलमध्ये काँसन्ट्रेशन A कॉलममध्ये आणि अॅब्सॉर्बन्स B मध्ये असेल तर:

```
=SLOPE(B2:B7,A2:A7)
=INTERCEPT(B2:B7,A2:A7)
=RSQ(B2:B7,A2:A7)
```

उत्तर येतं y = 0.1977x + 0.0045, आणि आर स्क्वेअर ०.९९९९५. चार्टवरचं लेबल बरेचदा चार दशांशात असतं आणि तिथे ते १ दिसू शकतं, पण रिपोर्टमध्ये "आर स्क्वेअर १" लिहू नये, खऱ्या मोजमापात एकही पॉइंट रेषेपासून हलला नाही असं होत नाही, दोन-तीन दशांश वाढवून बघावं.

स्लोपला युनिट असतं आणि ते लिहायचंच: ०.१९७७ अॅब्सॉर्बन्स प्रति मिग्रॅ/लि. आर स्क्वेअरपेक्षा हा स्लोप जास्त काही सांगतो, कारण तो बाहेरच्या आकड्याशी ताडून बघता येतो. या लाल कॉम्प्लेक्सची मोलर अॅब्सॉर्प्टिव्हिटी साधारण ११,१०० लिटर प्रति मोल प्रति सेमी आहे, लोहाचं अणुवस्तुमान ५५.८५, म्हणजे १ सेमीच्या क्युव्हेटमध्ये १ मिग्रॅ/लि. ला अॅब्सॉर्बन्स ०.१९९ च्या आसपास यायला हवा. आपला ०.१९७७ आला, छान जुळतं. समजा स्टॉक करताना मोहर सॉल्ट निम्मंच घेतलं गेलं असतं, तर सगळे पॉइंट एकाच प्रमाणात खाली आले असते, रेष तितकीच सरळ, आर स्क्वेअर तितकाच देखणा, आणि सँपलची सगळी उत्तरं मात्र दुप्पट. ही चूक फक्त स्लोप दाखवतो. इंटरसेप्ट ०.००४५ हा ब्लँकच्या रीडिंगएवढाच आहे, म्हणजे रिएजंटमधलं किंचित लोह किंवा क्युव्हेटमधला फरक, काळजीचं काही नाही. तो शून्य यायलाच हवा म्हणून रेष जबरदस्तीने शून्यातून नेऊ नये, खरा ब्लँक मोजलेला असताना तर नाहीच.

आर स्क्वेअर नक्की काय मोजतो? अॅब्सॉर्बन्सची रीडिंग्ज त्यांच्या सरासरीपासून किती पसरली आहेत ते एक, आणि रेषेपासून किती पसरली आहेत ते दुसरं. दुसऱ्याला पहिल्याने भागून १ मधून वजा केलं की आर स्क्वेअर. सूत्र असं, y म्हणजे रीडिंग, ŷ म्हणजे रेषेवरची किंमत, ȳ म्हणजे रीडिंग्जची सरासरी:

```
R² = 1 − Σ(y − ŷ)² / Σ(y − ȳ)²
```

वरच्या डेटात भागाकाराचा वरचा भाग ०.००००३१ आहे आणि खालचा ०.६८४. खालचा आकडा एवढा मोठा का, तर आपणच स्टँडर्ड ० ते ५ पर्यंत पसरून घेतले म्हणून. कॅलिब्रेशनमध्ये आर स्क्वेअर जवळजवळ नेहमीच १ ला टेकलेला दिसतो त्याचं कारण हेच, रेंज मोठी घेतली की खालचा आकडा फुगतो आणि रेषेपासूनच्या विचलनाचा भाग त्यापुढे दिसेनासा होतो. म्हणून "आर स्क्वेअर ०.९९९९ म्हणजे उत्तर ९९.९९ टक्के अचूक" हे वाक्य चुकीचं आहे. बरोबर अर्थ एवढाच की अॅब्सॉर्बन्समधल्या एकूण चढउताराचा ९९.९९ टक्के भाग या रेषेने धरला. सँपलबद्दल तो काहीच सांगत नाही.

आता तोच प्रयोग ताणून १० मिग्रॅ/लि. पर्यंत नेला असं धरू, १०० मिग्रॅ/लि. च्या स्टॉकमधलं १ ते ५ मिली थेट ५० मिलीच्या फ्लास्कमध्ये घेऊन. रीडिंग्ज आणि फिट असं येतं:

| लोह, मिग्रॅ/लि. | अॅब्सॉर्बन्स | रेषेवरची किंमत | रेसिड्युअल |
|---|---|---|---|
| ० | ०.००३ | ०.०४० | −०.०३७ |
| २ | ०.४०१ | ०.४०१ | ०.००० |
| ४ | ०.७९२ | ०.७६१ | +०.०३१ |
| ६ | १.१६० | १.१२२ | +०.०३८ |
| ८ | १.४९७ | १.४८३ | +०.०१४ |
| १० | १.७९७ | १.८४४ | −०.०४७ |

रेष आली y = 0.1804x + 0.0398, आर स्क्वेअर ०.९९७. आकडा बघून कुणीही पास करेल. पण शेवटचा कॉलम वाचा: दोन्ही टोकांना वजा, मध्ये सगळे शून्य किंवा अधिक. रेसिड्युअल म्हणजे मोजलेली किंमत वजा रेषेवरची किंमत, आणि पॉइंट्स खरंच सरळ रेषेवर असतील तर त्यांची चिन्हं कशीही विखुरलेली येतात, जशी पहिल्या डेटात वजा, वजा, अधिक, वजा, अधिक, वजा अशी आली होती आणि आकारही ०.००४ च्या आत होता. इथे कमान दिसते, म्हणजे डेटा वाकलेला आहे आणि आपण त्यावर सरळ रेष लादली आहे. स्लोपही अपेक्षित ०.१९९ वरून ०.१८ वर घसरला आणि इंटरसेप्ट ब्लँकच्या तेरापट झाला, ही दोन्ही त्याच दुखण्याची लक्षणं.

डेटा का वाकतो? मुख्य कारण स्ट्रे लाइट. मशीनमध्ये सँपलमधून न शोषला जाता डिटेक्टरवर पोचणारा भलत्या तरंगलांबीचा प्रकाश अर्धा टक्का जरी असला, तरी खरा अॅब्सॉर्बन्स २ असताना मशीन १.८३ च्या आसपास दाखवतं. अॅब्सॉर्बन्स १ च्या खाली असेल तर हाच परिणाम खूप लहान राहतो. दुसरी शक्यता फिनॅन्थ्रोलिन कमी पडण्याची: ०.१ टक्क्याचं ५ मिली घातलं तर तीनास एक या हिशेबाने ते ५० मिलीत साधारण ९ ते १० मिग्रॅ/लि. लोहालाच पुरतं, पुढचं लोह रंगच देत नाही. पण तेव्हा वाक शेवटच्या पॉइंटला अचानक येतो, आणि इथे तो मधल्यापासून हळूहळू सुरू झालाय, म्हणून बोट स्ट्रे लाइटकडे जातं. खात्री करायची तर वरचा स्टँडर्ड जास्त रिएजंट घालून पुन्हा करून बघावा, अॅब्सॉर्बन्स वाढला तर रिएजंटच कमी होता.

याने नुकसान किती होतं ते बघा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ०.३ मिग्रॅ/लि. च्या वर लोह असलं की कपड्यांवर आणि नळांवर डाग पडतात. नेमकं ०.३ असलेल्या पाण्याचा अॅब्सॉर्बन्स ०.०६३ च्या आसपास येईल. पहिल्या रेषेवरून उत्तर येतं ०.३०, दुसरीवरून ०.१३. निम्म्याहून कमी! आणि दुसऱ्या रेषेचा आर स्क्वेअर ०.९९७ होता. खालच्या टोकाला ही गडबड सगळ्यात जास्त होते, कारण वाकलेल्या डेटावर सरळ रेष लादली की इंटरसेप्ट वर सरकतो आणि त्यातला ०.०३७ चा फरक लहान सँपलला पूर्ण गिळतो.

म्हणून फिटचं वर्णन लिहायचं तर साधारण असं: "० ते ५ मिग्रॅ/लि. लोहाच्या रेंजमध्ये, रिएजंट ब्लँक धरून सहा पॉइंटवर, ५१० नॅनोमीटरला १ सेमी क्युव्हेटमध्ये अॅब्सॉर्बन्स काँसन्ट्रेशनच्या प्रमाणात वाढला, स्लोप ०.१९७७ प्रति मिग्रॅ/लि., इंटरसेप्ट ०.००४५, आर स्क्वेअर ०.९९९९५, रेसिड्युअल ०.००४ च्या आत आणि कुठलाही पॅटर्न नाही." लांबलंय खरं, पण यातली रेंज काढली तर बाकीचं निरर्थक होतं, आणि रेसिड्युअलचा तुकडा काढला तर लिनिअर असल्याचा पुरावाच उरत नाही. रेसिड्युअलचा छोटा ग्राफ सोबत जोडला तर फारच उत्तम.

सँपलचं उत्तर काढताना रेष उलटी वाचायची. समजा विहिरीचं २५ मिली पाणी ५० मिलीला नेलं आणि अॅब्सॉर्बन्स ०.३१८ आला: ०.३१८ मधून ०.००४५ वजा, भागिले ०.१९७७, म्हणजे १.५९, आणि डायल्यूशनचे दुप्पट करून मूळ पाण्यात ३.१७ मिग्रॅ/लि. किती भरवशाचं हे आर स्क्वेअरवरून नाही तर पॉइंट्सच्या रेषेभोवतीच्या स्टँडर्ड एररवरून ठरतं, एक्सेलमध्ये ते `STEYX` देतं. इथे ते ०.००२८ आहे, आणि सहा पॉइंट्स व सँपलचं एकच रीडिंग धरून ९५ टक्के पातळीवर हिशेब केला तर डायल्यूशननंतर साधारण ±०.०९ मिग्रॅ/लि. येतो, यात पिपेटची किंवा सँपल गोळा करण्याची चूक धरलेली नाही. सँपलचा अॅब्सॉर्बन्स ०.९९० च्या वर गेला तर रेष पुढे लांबवायची नाही, रंग आलेलं सोल्युशन पातळ करायचं नाही, मूळ पाण्यातलंच कमी मिली घेऊन सगळे रिएजंट घालून पुन्हा मोजायचं.