समतापी प्रसरणातील कार्य: वक्राखालचे क्षेत्रफळ आणि आयताचे क्षेत्रफळ

वायूने प्रसरण पावताना केलेले कार्य काढायला विद्यार्थी कधी P(V₂ − V₁) हे सूत्र वापरतात, तर कधी nRT ln(V₂/V₁) हे. तापमान दोन्हीकडे तेच आणि आरंभ व शेवटही तेच असल्यामुळे ही सूत्रे एकमेकांच्या जागी चालतील असे वाटते. प्रत्यक्षात ती दोन वेगळ्या प्रक्रियांची आहेत.

२७ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे सुमारे ३०० केल्विनच्या पाण्यात बुडवलेल्या नळकांड्यात १ मोल आदर्श वायू आहे आणि घर्षणरहित दट्ट्या सरकून त्याचे आकारमान १० लीटरवरून २० लीटर होते, असे समजू. येथे nRT सुमारे २४९४ जूल येते. सुरुवातीचा दाब सुमारे २.४९ बार असतो आणि शेवटचा त्याच्या निम्मा.

पहिल्या प्रक्रियेत दट्ट्यावरचा भार एकदम कमी करून बाहेरचा दाब थेट १.२५ बारच्या आसपास आणला जातो. वायू त्या एकाच दाबाविरुद्ध ढकलत राहतो, म्हणून कार्य आयताच्या क्षेत्रफळाइतके, १२४७ जूल भरते. आलेखावरचा हा आयत बाहेरच्या दाबाचा आहे, वायूच्या दाबाचा नव्हे. झपाट्याने फुगणाऱ्या वायूत दाब सर्वत्र सारखा नसतोच, त्यामुळे त्याचा स्वतःचा मार्ग आलेखावर काढता येत नाही.

दुसऱ्या प्रक्रियेत भार कणाकणाने कमी होतो आणि बाहेरचा दाब प्रत्येक क्षणी वायूच्या दाबापेक्षा नाममात्रच कमी असतो. म्हणूनच, आणि केवळ म्हणूनच, बाहेरच्या दाबाऐवजी nRT/V लिहिण्याची मुभा मिळते. तापमान स्थिर असल्याने nRT संकलनचिन्हाबाहेर येते आणि आत 1/V उरते:

W = ∫ P dV = nRT ∫ dV/V = nRT ln(V₂/V₁)

२ चा नैसर्गिक लॉगरिदम ०.६९३ असल्याने कार्य १७२९ जूल येते. आदर्श वायूची आंतरिक ऊर्जा केवळ तापमानावर अवलंबून असल्यामुळे दोन्ही प्रक्रियांत तिच्यातील बदल शून्यच आहे; म्हणजे जादा ४८२ जूल पाण्याकडून जादा घेतलेल्या उष्णतेतून आले.

दोन्हींमधला दुवा पायऱ्यांनी दिसतो. भार दोन टप्प्यांत उतरवून आधी १५ आणि मग २० लीटरपर्यंत प्रसरण होऊ दिले, तर ८३१ आणि ६२४ मिळून १४५५ जूल होतात. टप्पे वाढवत नेले की आयतांचे वरचे कोपरे वक्राला भिडत जातात आणि बेरीज १७२९ कडे सरकते, पण ती ओलांडत नाही.

संकलनाचे उत्तर तपासायला हेच आयत उपयोगी पडतात. वक्र सतत उतरता असल्याने त्याखालचे क्षेत्रफळ शेवटच्या दाबाच्या आयताहून मोठे आणि सुरुवातीच्या दाबाच्या आयताहून लहान, म्हणजे १२४७ आणि २४९४ यांच्या दरम्यानच असले पाहिजे. उत्तर ७५१ आले, तर लॉगरिदम १० या पायाचा घेतला गेला आहे आणि २.३०३ ने गुणायचे राहिले आहे.