पॉलिमरेज शृंखला अभिक्रिया आणि जेल इलेक्ट्रोफोरेसिस

डीएनएच्या लांब रेणूतला एक ठरावीक तुकडा परीक्षानळीत कोट्यवधी पटींनी वाढवण्याच्या पद्धतीला पॉलिमरेज शृंखला अभिक्रिया किंवा पीसीआर म्हणतात. वाढलेला तुकडा अपेक्षित लांबीचा आहे का, हे जेल इलेक्ट्रोफोरेसिसने पाहतात. अभ्यासक्रमात ही दोन वेगळी प्रात्यक्षिके असली तरी व्यवहारात दुसरी पद्धत पहिलीची तपासणी असते. पीसीआर संपल्यावर नळीत फक्त रंगहीन द्रव दिसतो. अभिक्रिया झाली की नाही, हे जेल पाहिल्याशिवाय कळत नाही.

पीसीआरची कल्पना कॅरी मुलिस यांना 1983 मध्ये सुचली आणि त्यासाठी त्यांना 1993 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. सुरुवातीला वापरलेले विकर प्रत्येक तापवण्यात निकामी होई, म्हणून ते दर चक्राला नव्याने घालावे लागे. उष्ण झऱ्यांत राहणाऱ्या थर्मस ॲक्वाटिकस या जिवाणूचे टॅक पॉलिमरेज 95 अंश सेल्सिअसलाही टिकते. ते वापरात आल्यावर नळी एकदाच भरून यंत्रात ठेवता येऊ लागली.

या नोंदीत गोव्यातल्या मिठागरातून वेगळ्या केलेल्या जिवाणूचे उदाहरण घेतले आहे. आगरवाडा किंवा रायबंदरच्या मिठागरांत खाडीचे पाणी एका खाचरातून दुसऱ्यात जाताना आटत जाते, आणि शेवटच्या खाचरात मीठ धरू लागते तेव्हा त्यात 25 टक्क्यांहून अधिक क्षार असतात. अशा पाण्यातून मिळालेली वसाहत कोणत्या प्रजातीची आहे, हे ठरवण्यासाठी 16S आरआरएनए हे जनुक वाढवतात. सर्व जिवाणूंत ते असते. त्याचे काही भाग जवळजवळ सारखे असतात आणि मधले भाग प्रजातीनुसार बदलतात. सारख्या भागांवर प्रायमर, म्हणजे जिथून प्रत सुरू होते ते डीएनएचे आखूड तुकडे, चिकटवायचे आणि बदलत्या भागांवरून ओळख पटवायची, असा बेत असतो. नेहमीची जोडी 27F आणि 1492R:

```
27F    5'-AGAGTTTGATCMTGGCTCAG-3'
1492R  5'-TACGGYTACCTTGTTACGACTT-3'
```

M म्हणजे A किंवा C, आणि Y म्हणजे C किंवा T. या जोडीतून सुमारे 1500 बेसजोड्यांचा तुकडा मिळतो.

25 मायक्रोलिटरच्या अभिक्रियेत दहापट बफर 2.5, डीएनटीपी म्हणजे नव्या साखळीचे चार घटक प्रत्येकी 10 मिलिमोलर असलेले मिश्रण 0.5, दोन्ही प्रायमर (10 मायक्रोमोलर) प्रत्येकी 1, टॅक (दर मायक्रोलिटरला 5 युनिट) 0.2, ज्याची प्रत काढायची तो टेम्प्लेट डीएनए 1 आणि निर्जंतुक पाणी 18.8 मायक्रोलिटर घेतात. 0.2 मायक्रोलिटर पिपेटने अचूक घेता येत नाही. म्हणून टेम्प्लेट सोडून बाकी सगळ्यांचे एकत्र मिश्रण करतात. नमुना, ज्ञात जिवाणूच्या डीएनएचे धन नियंत्रण आणि टेम्प्लेटऐवजी पाणी घातलेले ऋण नियंत्रण अशा तीन नळ्या असतील, तर मिश्रण चार नळ्यांपुरते करावे, कारण पिपेटच्या टोकाला थोडे राहतेच. टॅक शेवटी घालावे आणि नळ्या बर्फावर ठेवाव्यात.

या मिश्रणात विद्यार्थ्यांचे दुर्लक्ष होते ते मॅग्नेशियमकडे. टॅकला काम करण्यासाठी मोकळे मॅग्नेशियम लागते. बफरमधून ते साधारण 1.5 मिलिमोलर येते, पण चार डीएनटीपी मिळून 0.8 मिलिमोलर असतात आणि तेवढे मॅग्नेशियम धरून ठेवतात. उरते 0.7. आता डीएनए 1 मिलिमोलर ईडीटीए असलेल्या टीई बफरमध्ये ठेवला असेल आणि 'जास्त घातला तर बरे' म्हणून त्याचे 10 मायक्रोलिटर घातले, तर 25 मायक्रोलिटरमध्ये ईडीटीए 0.4 मिलिमोलर होते आणि उरलेल्यातले निम्म्याहून अधिक मॅग्नेशियम अडवते. जेलवर वाढलेल्या तुकड्याचा पट्टा, म्हणजे बँड, फिका येतो किंवा येतच नाही.

यंत्रात आधी 95 अंशांवर 5 मिनिटे सुरुवातीचे विलगन होते. जनुकीय डीएनए लांब आणि गुंतलेला असतो, त्याच्या दोन्ही साखळ्या पूर्ण सुट्या व्हाव्यात हा त्याचा हेतू. पुढे 30 चक्रे चालतात. प्रत्येक चक्रात 95 अंशांवर 30 सेकंद साखळ्या सुट्या होतात, 55 अंशांवर 30 सेकंद प्रायमर आपापल्या जागी चिकटतात आणि 72 अंशांवर दीड मिनिट टॅक प्रायमरच्या 3' टोकापासून नवी साखळी वाढवते. टॅकला हजार बेसना साधारण एक मिनिट लागते, म्हणून 1500 साठी दीड मिनिट. शेवटी 72 अंशांवर 10 मिनिटे ठेवतात, त्यात अर्धवट राहिलेल्या साखळ्या पुऱ्या होतात. यंत्राचे झाकण 105 अंशांवर तापलेले असते. नाहीतर नळीतले पाणी वाफ होऊन टोपणाला चिकटेल आणि खाली मिश्रण दाट होईल.

तीन तापमानांपैकी तारतम्य लागते ते 55 अंशांना. प्रत्येक G किंवा C ला 4 आणि A किंवा T ला 2 अंश धरण्याच्या ढोबळ नियमाने 27F चे वितळण तापमान 58 ते 60 अंश येते, आणि चिकटण्याचे तापमान त्याहून तीन-पाच अंश खाली ठेवतात. फार खाली गेल्यास प्रायमर अर्धवट जुळणाऱ्या जागीही बसतात आणि जेलवर नको ते बँड दिसतात. फार वर गेल्यास ते बसतच नाहीत. प्रायमर टेम्प्लेटच्या तुलनेत प्रचंड संख्येने असतात, म्हणून थंड होताना मूळ साखळ्या एकमेकींना सापडण्याआधी प्रायमर जागा धरतात.

पहिल्या चक्रातल्या नव्या साखळ्या दुसऱ्या प्रायमरची जागा ओलांडून पुढे जातात. दुसऱ्या चक्रात त्यांच्यावर बनलेल्या साखळ्या नेमक्या हव्या लांबीच्या असतात, आणि दोन्ही साखळ्या नेमक्या लांबीच्या असलेला तुकडा तिसऱ्या चक्रात प्रथम दिसतो. पुढे तोच दुपटीने वाढतो. 30 चक्रांत एका प्रतीच्या जवळपास 107 कोटी व्हाव्यात असा हिशेब आहे. प्रत्यक्षात प्रायमर संपत येतात, टॅक थकते आणि वाढ मंदावते. त्यामुळे चक्रे 40 केली म्हणून बँड हजारपट होत नाही. उलट ऋण नियंत्रणात बँड उमटण्याचा धोका वाढतो. 16S च्या बाबतीत तर फारच, कारण टॅक जिवाणूंमध्येच तयार केले जाते आणि त्यांच्या डीएनएचा अंश त्यात राहू शकतो.

आता जेल. 1500 बेसजोड्यांसाठी 1 टक्का ॲगॅरोज पुरते: 50 मिली. एकपट टीएई बफरमध्ये 0.5 ग्रॅम. ॲगॅरोज दमट हवा धरते, तेव्हा गोव्याच्या पावसाळ्यात बाटली उघडी ठेवू नये. द्रावण पूर्ण पारदर्शक होईपर्यंत उकळावे आणि वाफ होऊन गेलेले पाणी भरून काढावे. साधारण 60 अंशांवर आल्यावर 10 मिग्रॅ./मिली. इथिडियम ब्रोमाइडचे 2.5 मायक्रोलिटर घालून ते फणी लावलेल्या तबकात ओतावे. हे रसायन डीएनएच्या बेसजोड्यांच्या मध्ये शिरून अतिनील प्रकाशात चमकते. त्याच गुणामुळे ते उत्परिवर्तन घडवू शकते, म्हणून हातमोजे हवेतच. जेल घट्ट झाल्यावर ते बफरखाली बुडवून फणी सरळ वर काढावी.

डीएनएवर फॉस्फेटमुळे ऋण भार असतो, म्हणून तो धन टोकाकडे सरकतो. खाचा ऋण टोकाकडे असाव्यात. लांबीच्या प्रमाणात भारही वाढत असल्याने भारामुळे तुकडे वेगळे होत नाहीत. ते वेगळे होतात जेलच्या जाळीमुळे, कारण लांब तुकड्याला तिच्यातून वाट काढायला वेळ लागतो. 5 मायक्रोलिटर नमुन्यात 1 मायक्रोलिटर सहापट रंगद्रव मिसळतात. त्यातल्या ग्लिसरॉलमुळे नमुना खाचेत बुडतो आणि निळ्या रंगावरून प्रवास कळतो. इलेक्ट्रोडमधल्या अंतराच्या दर सेंटिमीटरला 5 व्होल्ट धरावेत. घाईने दाब वाढवला की जेल मध्यभागी तापते आणि बँड वाकडे येतात. चुकून बफरऐवजी पाण्यात जेल केले असेल, तर डीएनए नीट सरकत नाही.

लांबी लॅडरशी, म्हणजे शेजारी चालवलेल्या ज्ञात लांबीच्या तुकड्यांच्या मिश्रणाशी, ताडून काढतात, पण सरळ त्रैराशिक मांडून नाही, कारण अंतर लांबीच्या लॉगॅरिदमशी जुळते. समजा लॅडरचा 2000 चा बँड खाचेपासून 31 मिमी. आणि 1000 चा 42 मिमी. अंतरावर आहे, आणि नमुन्याचा 35.5 वर. त्रैराशिकाने 1590 येईल. लॉगॅरिदमने मात्र 3 + (6.5 ÷ 11) × 0.301 = 3.178, म्हणजे सुमारे 1500. अपेक्षेप्रमाणेच.

धन नियंत्रणात बँड आहे, ऋण स्वच्छ आहे आणि मिठागरातल्या नमुन्यात मात्र काहीच नाही, असे वारंवार घडते. पहिला संशय मिठावर घ्यावा. 15 टक्के मिठाच्या माध्यमातल्या पेशी तशाच उकळून तो द्रव वापरला, तर त्यात सोडियम क्लोराइड सुमारे 2.6 मोलर असते. 25 मायक्रोलिटरमध्ये 1 घातला तरी अभिक्रियेत 100 मिलिमोलरची भर पडते, आणि बफरमध्ये मुळातच 50 मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड असते. इतक्या क्षारात टॅक दबते. तोच द्रव दहापट विरळ करून पुन्हा अभिक्रिया लावावी. बँड आला तर अडथळा क्षाराचा किंवा अन्य अशुद्धीचा होता.

तरीही बँड नसेल, तर धन नियंत्रणाच्या नळीत नमुन्याचा 1 मायक्रोलिटर मिसळून पाहावे. नियंत्रणाचा बँड गेला तर नमुन्यात अडथळा आहे आणि डीएनए पुन्हा शुद्ध करावा लागेल. बँड टिकला तर अभिक्रिया ठीक चालली आहे, पण नमुन्यात प्रायमरला चिकटायला जागा नाही किंवा पुरेसा डीएनए नाही. काढलेला डीएनए थेट जेलवर चालवून, तो आहे आणि तुटलेला नाही, एवढे पाहता येते. डीएनए शाबूत असेल, तर वसाहत जिवाणूची नसून आर्किया या वेगळ्या सूक्ष्मजीव गटाची असण्याची दाट शक्यता असते. शेवटच्या खाचरातल्या लालसर वसाहतींत हॅलोआर्किया भरपूर असतात आणि 27F त्यांच्याशी जुळत नाही. 21F हा आर्कियाचा प्रायमर घ्यावा. केवळ रंगावरून मात्र ठरवू नये, कारण सॅलिनिबॅक्टर हा जिवाणूही लालच असतो.

बँड मिळाला, तरी 1500 चा तुकडा जवळपास प्रत्येक जिवाणूतून येतो. जेल लांबी सांगते, क्रम सांगत नाही, म्हणून प्रजातीचे नाव जेलवरून देता येत नाही. त्यासाठी उरलेले प्रायमर काढून तुकडा सँगर पद्धतीने दोन्ही टोकांकडून वाचतात. एका बाजूने साधारण 700 ते 800 बेस नीट वाचता येतात. आलेखात सुरुवातीपासूनच एकावर एक शिखरे दिसत असतील, तर बहुधा वसाहत शुद्ध नव्हती, आणि पीसीआर पुन्हा लावण्याआधी ताटलीवर ती पुन्हा रेघाटून वेगळी करावी लागते.