गोळीचे घड्याळ आणि जेवणाचे घड्याळ

एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता, असलेल्या मुलाला मिथाइलफेनिडेट हे औषध सुरू झाले की पहिल्या आठवड्यातच बहुतेक आयांची एकच तक्रार असते : डबा भरलेलाच परत येतो. हे औषध मेंदूतील डोपामिन आणि नॉरएड्रिनॅलिन या संदेशवाहक रसायनांचे पेशींत परत शोषले जाणे रोखते. त्यामुळे लक्ष टिकते, पण भूकही दबते आणि दोन्ही परिणाम साधारण एकाच वेळी चढतात व उतरतात. साध्या गोळीचा परिणाम अर्ध्या-पाऊण तासात जाणवू लागतो, दीड-दोन तासांनी शिखर गाठतो आणि चार तासांच्या आसपास ओसरतो. म्हणूनच गोळीची वेळ ठरवताना जेवणाची वेळही ठरवावी लागते.

समजा, नऊ वर्षांचा, अठ्ठावीस किलोंचा एक मुलगा दुपारच्या शाळेत जातो आणि शाळा बारा ते साडेपाच असते. त्याला सकाळी आठला गोळी दिली, तर शाळा भरेपर्यंत ती ओसरते आणि अकराचे जेवण मात्र तिच्या अमलाखाली राहून जाते. त्याऐवजी अकराला पोटभर वरण-भात, भाजी-पोळी जेवू घालून सव्वाअकराला पहिली गोळी आणि तीनच्या सुमारास शाळेत दुसरी गोळी, असा क्रम डॉक्टरांशी बोलून लावता येतो. मधल्या सुट्टीत तो थोडेच खाईल, हे धरून चालावे आणि त्यासाठी त्याला रागावू नये. सात-साडेसातला भूक उसळून येते, तेव्हा जेवण तयार हवे आणि झोपण्यापूर्वी दूध-केळे द्यावे. गृहपाठासाठी दुसरी गोळी पाचपर्यंत लांबवली, तर झोप उडण्याची शक्यता वाढते. दिवसभर पुरणाऱ्या गोळ्या हळूहळू औषध सोडतात, म्हणून त्या चावून किंवा कुटून देऊ नयेत.

दहा वर्षांखालील मुलाचे वजन दर तीन महिन्यांनी आणि उंची सहा महिन्यांनी मोजून आलेखावर मांडावी, शिवाय नाडी आणि रक्तदाबही तपासावा. वरच्या उदाहरणातल्या मुलाचे वजन तीन महिन्यांत अठ्ठावीसवरून साडेसव्वीस किलोंवर आले, तर नुसते ‘बारीक झालाय’ म्हणून सोडून देता येणार नाही, कारण या वयात वजन वाढायला हवे. आधी जेवणाच्या वेळा, मग मात्रा तपासावी आणि तरीही आलेख खालीच राहिला, तर उन्हाळी सुट्टीत औषधाला विराम देण्याचा विचार डॉक्टर करतात.

असा विराम शक्य होतो, कारण साध्या गोळीचे औषध एका दिवसात शरीरातून जवळजवळ निघून जाते. मात्र दर रविवारी सरसकट गोळी बंद ठेवणे मला पटत नाही, कारण सायकल चालवताना आणि रस्ता ओलांडतानाही लक्ष लागतेच. सुट्टीत चंचलता परतली, तर तो आजार बळावला असे नव्हे, औषधाचे झाकण निघाले एवढेच. औषध अजून हवे का, हे पाहण्यासाठीही अधूनमधून डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते थांबवून पाहतात. पण ही चाचणी परीक्षेच्या आठवड्यात किंवा जूनमध्ये नवा वर्ग सुरू होताना करू नये, कारण तेव्हा मुलाच्या वागण्यातला फरक गोळीमुळे की नव्या वर्गामुळे, हे शिक्षकांनाही सांगता येत नाही.