दिवाळीतला खड्डा तिरका का पडतो?

समजा, नाशिकमधल्या एका कंपनीचं कांद्याचे बाजारभाव दाखवणारं ॲप आहे. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, येवला इथले त्या दिवसाचे भाव शेतकऱ्याला मोबाइलवर मिळतात. लोक ॲप घेतात, नाव नोंदवतात. पुढं त्यातले टिकतात किती, हे प्रॉडक्ट टीमला हवं असतं.

महिन्याला एकूण किती लोकांनी ॲप वापरलं, या आकड्यावरून ते कळत नाही. नवे लोक येत राहिले की जुने गळाल्याचं झाकून जातं. म्हणून एकाच आठवड्यात नोंदणी केलेल्यांची एक तुकडी करायची आणि त्या तुकडीतले किती जण पुढच्या प्रत्येक आठवड्यात परत आले ते मोजायचं. यालाच कोहोर्ट रिटेन्शन टेबल म्हणतात.

त्याआधी ‘परत आला’ म्हणजे काय ते ठरवावं लागतं. नोटिफिकेशन पोचलं म्हणजे माणूस आला असं नाही. इथं आपण भावाचं पान उघडलं तरच धरू. दुसरी काळजी वेळेची. सर्व्हरवरच्या नोंदी बहुधा यूटीसी वेळेत असतात आणि आपलं घड्याळ साडेपाच तास पुढं. सोमवारी पहाटे पाचला ट्रॅक्टर काढण्याआधी भाव बघणारा शेतकरी त्या हिशेबात रविवारी, म्हणजे आदल्या आठवड्यात जाऊन बसतो. तेव्हा आधी भारतीय वेळ करून घ्यायची, मगच प्रत्येक नोंदीला तिच्या आठवड्याच्या सोमवारची तारीख लावायची. उरलेलं काम एवढंच:

```sql
SELECT s.cohort_week,
       (a.active_week - s.cohort_week) / 7 AS week_no,
       COUNT(DISTINCT a.user_id) AS users
FROM signups s
JOIN activity a ON a.user_id = s.user_id
GROUP BY 1, 2;
```

`DISTINCT` नसेल तर दिवसातून दहादा भाव बघणारा एकटा दहा माणसांचा आकडा देतो. आणि टक्केवारी काढताना भागायचं ते `signups` मधल्या पूर्ण संख्येनं. ज्यांनी नोंदणीनंतर एकदाही भाव पाहिला नाही, ते या क्वेरीत दिसतच नाहीत, पण हिशेबात मात्र धरायलाच हवेत.

आता काल्पनिक आकडे घेऊ. पाच आठवड्यांचा डेटा हाती आहे आणि त्यातल्या चौथ्या आठवड्यात दिवाळी आली. टेबलातले आठवडे मात्र प्रत्येक तुकडीच्या नोंदणीपासून मोजलेत: ‘आठवडा १’ म्हणजे नोंदणीच्या पुढचा आठवडा.

| तुकडी | नोंदणी | आठवडा १ | आठवडा २ | आठवडा ३ | आठवडा ४ |
|---|---|---|---|---|---|
| पहिली | २०० | ५२% | ४५% | २४% | ४१% |
| दुसरी | १५० | ५०% | २६% | ४२% | |
| तिसरी | १८० | ३०% | ४५% | | |
| चौथी | ६० | ५०% | | | |

उजवीकडचे कोरे रकाने म्हणजे शून्य नव्हे, ते आठवडे अजून उजाडलेलेच नाहीत. तिसऱ्या आठवड्यात पहिल्या दोन तुकड्यांतले मिळून १११ जण आले. त्याला चारही तुकड्यांच्या ५९० नं भागलं तर जेमतेम १९ टक्के येतात. खरं तर भागायचं ३५० नं, कारण तिसरा आठवडा तेवढ्यांच्याच वाट्याला आलाय. उत्तर येतं ३२ टक्के. अर्धवट राहिलेला चालू आठवडाही याच कारणासाठी टेबलात घेऊ नये.

टीमसमोर टेबल ठेवलं की बहुतेकांची नजर आडव्या ओळीवर जाते. ‘तिसऱ्या तुकडीत पहिल्याच आठवड्यात ३० टक्के? नवीन नोंदणीचा स्क्रीन बिघडलाय.’ अशा वेळी मी टेबल तीन दिशांनी वाचायला सांगते. आडवं वाचलं की एका तुकडीचं वय वाढताना काय होतं ते दिसतं. उभं वाचलं की एकाच वयाच्या वेगवेगळ्या तुकड्या शेजारी येतात. आणि वर-उजवीकडून खाली-डावीकडे तिरकं वाचलं, की कॅलेंडरमधला एकच आठवडा सापडतो. इथं २४, २६, ३० हे तिन्ही आकडे एकाच तिरक्या रेषेवर आहेत आणि तो आठवडा दिवाळीचा आहे. दिवाळीत बाजार समित्यांचे लिलाव काही दिवस बंद असतात. भावच निघाले नाहीत, तर बघणार काय?

माझ्या मते सगळ्यात बोलका आकडा पुढचा आहे. पहिली तुकडी २४ वरून ४१ वर आली, दुसरी २६ वरून ४२ वर. नोंदणीच्या स्क्रीननं माणसं गमावली असती, तर ती लिलाव सुरू होताच अशी परतली नसती.

पण तिरका खड्डा फक्त ‘कधी’ ते सांगतो, ‘का’ ते सांगत नाही. त्याच आठवड्यात सर्व्हर पडला असता किंवा बिघडलेली नवी आवृत्ती गेली असती, तरी रेषा अशीच दिसली असती. म्हणून तो आठवडा दिवसांत फोडून बघावा. घट लिलाव बंद असलेल्या दिवसांपुरती आहे का, आणि ती जुन्या-नव्या दोन्ही आवृत्त्यांत सारखी आहे का? दोन्हींची उत्तरं ‘हो’ आली, तर नोंदणीच्या स्क्रीनला हात लावायचं कारण उरत नाही.

राहिली चौथी तुकडी. ती ६० जणांची आहे. एवढ्या लहान गटात ५० टक्के म्हणजे साधारण ३७ ते ६३ मधलं काहीही असू शकतं. ‘दिवाळीत आलेले लोकही तितकेच टिकतात’ असं आत्ताच कुणी म्हणत असेल, तर त्याला पुढच्या दोन-तीन तुकड्या येईपर्यंत थांबायला सांगावं.