पिव्हट टेबल आधी बेरीज करतं, मग गुणाकार

एका सॉफ्टवेअरच्या जाहिरातीत नुकतंच वाचलं, ‘एका क्लिकमध्ये तुमच्या गोदामाची नाडी हातात!’ नाडीपरीक्षेवर जसा डोळे झाकून विश्वास ठेवायचा, तसाच इथेही ठेवावा अशी अपेक्षा दिसते. एक्सेलमधलं पिव्हट टेबल तेच काम करतं. त्यात चमत्कार नाही, बेरीज आहे.

समजा, मशिनरीच्या सुट्या भागांचा व्यापारी आहे. माल भिवंडी, चाकण आणि नागपूरच्या गोदामांत. स्टॉकच्या यादीत चाळीस हजार ओळी आणि पाच रकाने: गोदाम, वर्ग, कोड, नग, दर. पिव्हटमध्ये वर्ग Rows मध्ये, गोदाम Columns मध्ये आणि नग Values मध्ये ओढले, की पोस्टातल्या पत्रांसारखी वाटणी होते. प्रत्येक ओळ आपल्या खणात जाते, ‘बेअरिंग-भिवंडी’ किंवा ‘बेल्ट-नागपूर’, आणि तिचे नग त्या खणाच्या बेरजेत मिळवले जातात. मूळ ओळींना धक्का लागत नाही.

खण ठरतो तो अक्षरांवरून. कोणी ‘चाकण’च्या पुढे चुकून स्पेस दिली, तर एक्सेल त्याला चौथं गोदाम समजतं. एकूण बेरीज मात्र तीच राहते, त्यामुळे तळाचा आकडा ताळ्यावर पाहून निर्धास्त झालेल्याला ही चूक दिसतच नाही. ‘चाकण’ दोनदा दिसलं की समजावं.

आता खरी गंमत. मालाची किंमत हवी म्हणून बरेच जण पिव्हटमध्येच Calculated Field घेऊन नग गुणिले दर असं सूत्र लिहितात. भिवंडीत दोनच प्रकारची बेअरिंग आहेत असं धरू: 6204 या कोडचे 40 नग, दर 150 रुपये, म्हणजे 6,000; आणि 6308 चे 10 नग, दर 600 रुपये, म्हणजे पुन्हा 6,000. एकूण 12,000 रुपये. पिव्हट मात्र 37,500 दाखवतं! कारण सूत्राची पाळी येईपर्यंत ओळी उरलेल्याच नसतात, उरतात फक्त बेरजा. नगांची बेरीज 50, दरांची 750, आणि त्यांचा गुणाकार केला जातो. दरांच्या बेरजेला तसा काही अर्थच नाही, पण यंत्राला ते कोण सांगणार?

ज्या खणात एकच ओळ असते तिथे उत्तर बरोबर येतं. पडताळणीसाठी नेमका तोच खण निवडला तर फसगत ठरलेली. त्यापेक्षा गोदामांचे आकडे हातानं मिळवून Grand Total शी जुळतात का ते पाहावं. इथे ते जुळणार नाहीत.

उपाय म्हणजे गुणाकार आधी, ओळ शाबूत असतानाच करायचा. मूळ यादीत ‘किंमत’ हा सहावा रकाना घालून दुसऱ्या ओळीत हे सूत्र लिहावं आणि खाली ओढावं:

```
=D2*E2
```

मग पिव्हटची व्याप्ती नव्या रकान्यापर्यंत वाढवून Refresh करावं आणि Values मध्ये ‘किंमत’ टाकावी. तरीही एखादा आकडा खटकला तर त्यावर डबल-क्लिक करा. त्या खणातल्या सगळ्या ओळी नव्या शीटवर येतात, आणि 40 ऐवजी 400 कुठे टाइप झालंय ते तिथे दिसतं.